डब्यात डिस्कच नाही, नुसता कोडचा कागद! गेम घेताना नेमकं काय बघायचं?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी. भाच्याचा तेरावा वाढदिवस होता म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातनं PS5 चा गेम घेतला, २८०० रुपये. दुकानाचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण माणूस ओळखीचा आहे आणि अजून बोलणं चालू आहे. डबा सीलबंद, चकाचक, नेहमीसारखा निळसर. केक कापून झाल्यावर भाच्यानं प्लॅस्टिक फाडलं, डबा उघडला आणि आत बघतोय तर डिस्कची गोल जागा रिकामी आणि डाव्या बाजूच्या क्लिपला एक कागद. त्यावर चंदेरी पट्टी, दहाच्या नाण्यानं खरवडली तर खाली बारा अक्षरांचा कोड. पोरगं म्हणालं मामा डिस्क दुकानातच राहिली काय.

कोड टाकला तर मेसेज आला, कोड चुकीचा असेल किंवा आता चालत नसेल, परत तपासा अशा अर्थाचा. चार वेळा टाकला. शून्य आणि ओ बदलून बघितलं. नाही म्हणजे नाही. दुकानदार म्हणतोय की डब्यावर लिहिलेलं आहे, आणि पट्टी खरवडली की माल परत घेता येत नाही.

माझे प्रश्न दोन. हा कोड आधीच कुणी वापरलाय का ते कसं कळायचं? आणि पुढच्या वेळी दुकानात उभा राहून मी काय बघायचं? पोराचा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोरनं जाईना.

राजारामपुरी_९वी_गल्ली

भावा, लई वाईट वाटलं वाचून. पण पुढच्या वेळी डबा हलवून बघायचा. डिस्क असली की आत टकटक आवाज येतोय, नसली की येत नाही. मी कायम असंच करतो.

मिरजकर_तिकटी

हलवून काही कळत नाही हो. डिस्क मधल्या खुंटीवर नीट बसलेली असली तर अजिबात वाजत नाही, उलट सुटी झालेली डिस्क वाजते आणि ती ओरखडे पडलेली निघते. मी एकदा असाच वाजणारा डबा खुशीत घेतला आणि डिस्कवर चंद्रकोर कोरून आली होती.

आजीबाई_शाहूपुरी

माझ्या नातवाला पुण्याहून असाच डबा आला होता. मला वाटलं कुरिअरवाल्यानं आतली सीडी काढून घेतली. मी त्या बिचाऱ्या पोराला फोनवर काय काय बोलले. नंतर नातू म्हणाला आजी यात सीडी नसतेच. मग मला सांगा, नसतेच तर एवढा मोठा डबा करायचाच कशाला? पाकिटात घालून द्यायचं ना कागद.

कळंबा_गेमर

आजी, दुकानाच्या फळीवर दिसायला पाहिजे म्हणून डबा. भेट द्यायला पण बरं वाटतं, कागद हातात देऊन कोण खूश होतंय.

आता पंचगंगा_काठ यांच्यासाठी. मी बारा-तेरा वर्षं हेच करतोय, कन्सोल दुरुस्ती आणि जुने गेम घेणं-देणं. आधी एक सांगा, डब्याच्या पुढच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात वयाचा चौकोन असतो, त्यात काय लिहिलंय? नुसता आकडा आहे, 12 किंवा 16 असा, आणि खाली PEGI? का काळं-पांढरं T किंवा M असं अक्षर आणि ESRB? आणि मागच्या बाजूला आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, MRP असलेलं स्टिकर आहे का?

पंचगंगा_काठ

T आहे, खाली ESRB. स्टिकर मागे-पुढे कुठंच नाही. आणि आत्ता चष्मा लावून बघितलं तर पुढच्या बाजूला अगदी खाली तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात लिहिलंय की डिस्क नाही, डाउनलोड कोड आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली ते मला कसं दिसणार होतं?

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट

PS5 ला रिजन लॉक नसतोय. अमेरिकेचा, जपानचा कुठलाही गेम चालतो. माझ्याकडं दुबईवरनं आणलेले तीन आहेत, तिन्ही पळतात. त्यामुळं कोड वापरलेलाच असणार, दुकानदारानं फसवलंय सरळ सरळ.

कळंबा_गेमर

तुमचं अर्धं बरोबर आहे. डिस्कला लॉक नाही, जगातली कुठलीही PS5 डिस्क, डिस्क ड्राइव्ह असलेल्या कुठल्याही PS5 वर चालते, म्हणून तुमचे दुबईचे तीन पळतात. पण कोडचं तसं नाही. कोड कन्सोलवर चालत नाही, तो खात्यावर चालतो, आणि खातं ज्या देशाचं आहे त्या देशाच्या दुकानातच तो वटतो. ESRB म्हणजे डबा अमेरिकेच्या बाजारासाठी छापलेला. भाच्याचं खातं भारताचं असणार. मग कोड कोरा-करकरीत असला तरी हाच मेसेज येणार.

आणि खरी गोम इथंच आहे. कोड वापरलेला असला तरी हाच मेसेज, चुकीच्या देशाचा असला तरी हाच, टाइप करताना अक्षर चुकलं तरी हाच. मशीन तुम्हाला कारण सांगत नाही. त्यामुळं दुकानदाराशी भांडायच्या आधी कारण वेगळं काढायला लागतं. त्याचा एकच मार्ग, अमेरिकेच्या खात्यावर तोच कोड टाकून बघणं. तिथं चालला तर प्रश्न देशाचा होता. तिथंही नाही चालला तर मग वापरलेला कोड असण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हा दुकानदाराला धरा.

राजारामपुरी_९वी_गल्ली

व्हय, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे डिस्कला व्हिसा लागत नाही आणि कोडला लागतोय!

पंचगंगा_काठ

अमेरिकेचं खातं म्हणजे? भाच्याचं आहे त्याचाच देश बदलायचा का?

कळंबा_गेमर

नाही, PSN म्हणजे प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलत नाही. भाच्याच्या खात्याला हातच लावू नका, त्याचे सेव्ह, ट्रॉफी सगळं त्यात आहे. त्याच PS5 वर दुसरा युजर जोडा, नवा ईमेल वापरून मोठ्या माणसाचं नवं खातं काढा, देश अमेरिका. मग त्या युजरनं PS Store मध्ये जाऊन Redeem Code मध्ये कोड टाका.

चालला तर डाउनलोड सुरू होईल. पण तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर भाच्याला स्वतःच्या नावानं खेळता येणार नाही. त्याच नव्या युजरमध्ये असताना इथं जा:

```
Settings > Users and Accounts > Other > Console Sharing and Offline Play
```

हे चालू करा. मग त्या मशीनवरच्या सगळ्या युजरना तो गेम खेळता येतो, नेट बंद असलं तरी. भाचा आपल्या जुन्या खात्यातनं खेळणार, ट्रॉफी त्याच्याच नावावर. एक खातं एका वेळी एकाच PS5 वर असं चालू ठेवता येतं एवढं लक्षात ठेवा.

आणि कळकळीनं सांगतो, त्या नव्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. लोक दहा मिनिटांत कसलंतरी खातं काढतात, कोड टाकतात आणि विसरून जातात. दोन वर्षांनी मशीन दुरुस्तीला गेलं, सगळं पुसलं गेलं की गेम परत उतरवायला तेच खातं लागतं. माझ्याकडं असे लोक येतात, डबा हातात घेऊन, आणि त्या डब्याचा काही उपयोग नसतो. गेम खात्यात आहे आणि खातं हरवलंय.

वकील_नाही_पण

मध्येच बोलतो, माफ करा. कंपनीच्या अटींमध्ये देश खरा द्यावा असं असतं. अमेरिकेत राहत नसताना अमेरिकेचं खातं काढणं हे खोटं सांगणंच झालं. तेरा वर्षांच्या पोरासमोर मामानं हे करावं हे मला पटत नाही. उद्या खातं बंद केलं तर दाद कुठं मागणार?

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट

अहो सगळे करतात की. आख्खा भारत करतोय.

वकील_नाही_पण

सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही. खरा मार्ग ग्राहक म्हणून भांडायचा आहे. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, MRP नाही, म्हणजे २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार तो माल असा विकताच येत नाही. पुढचा मुद्दा, भारतात चालणार नाही असा कोड भारतातल्या गिऱ्हाईकाला न सांगता विकला. १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानं नाही झालं तर जिल्हा आयोग, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. बिल आहे ना?

पंचगंगा_काठ

बिल नाही. फोनवरनं पैसे पाठवले त्याची नोंद आहे, २८०० रुपये आणि तारीख. ओळखीचा म्हणून बिल मागितलं नाही.

वकील_नाही_पण

नोंद जपून ठेवा, तो पुरावा आहेच. पण त्यात कुठला गेम ते कळत नाही. आज दुकानदाराला मेसेज करून विचारा की अमुक गेमचा डबा अमुक तारखेला तुमच्याकडनं घेतला त्याबद्दल बोलायचं आहे. त्यानं उत्तर दिलं की खरेदी मान्य झाली.

ताराराणी_चौक

अरे वा, या धाग्याचाच उपयोग. माझा पण प्रश्न घ्या. मुलाला लॅपटॉपसाठी गेम घेतला, डबा आला, आत कोड. पण माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. मग कोड कुठं घालायचा?

मिरजकर_तिकटी

तुम्हाला ड्राइव्ह लागतच नाही, कोडच आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा असेल तर स्टीम उतरवा, खातं काढा आणि त्यात प्रॉडक्ट अॅक्टिव्हेट करायचं दिसेल तिथं टाका. डब्यावर कुठल्या दुकानाचा कोड आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

पीसीवाल्यांनी हे कधीच भोगून झालंय. २०१५ साली GTA V पीसीवर सात डीव्हीडींमध्ये आला होता, एकेक घालत बसायचो, पण निदान गेम हातात होता. त्याच वर्षी मेटल गिअर सॉलिड ५ च्या पीसी डब्यात डिस्क होती आणि डिस्कवर काय, तर नुसता स्टीमचा इन्स्टॉलर! गेम सगळा नेटवरनं. म्हणजे डिस्क आहे की नाही एवढं बघून पण भागत नाही.

कळंबा_गेमर

अगदी बरोबर बोललात. PS5 वर पण तेच आहे. २०२५ चा डूम: द डार्क एजेस, त्याची डिस्क खरी आहे पण डिस्कवर डेटा शंभर एमबी पण नाही, बाकी सगळं डाउनलोड. तरी डिस्क असल्याचा फायदा असा की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते, आणि खात्याच्या देशाची भानगड नाही. कोडचा डबा एकदा खरवडला की त्याची किंमत रद्दीच्या कागदाएवढी. म्हणून सेकंडहँडमध्ये कोडचा डबा कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ दे. पट्टी शाबूत दिसली तरी नको, वरनं नवीन पट्टी चिकटवलेली मी स्वतः बघितली आहे. नखानं कडा उचलली तर खाली जुन्या पट्टीचे चंदेरी कण दिसत होते.

राधानगरी_रोड

आमच्याकडं निन्टेंडोचा स्विच २ आहे, मेव्हण्यानं सिंगापूरवरनं आणला. त्यासाठी गेम घ्यायचाय. त्याचं कार्ड असतं ना छोटं, नखाएवढं, मग तिथं हा त्रास नसणार. आमच्या गावात वायफाय नाही, मोबाइलचा दिवसाला दीड जीबी एवढंच.

कळंबा_गेमर

थांबा, घेऊ नका अजून. तुमच्यासारख्यांसाठीच हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्विच २ जून २०२५ मध्ये आला, आणि त्याच्या बऱ्याच गेमना गेम-की कार्ड असतं. दिसायला साध्या कार्डासारखंच, पण त्यात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड घातलं की मशीन म्हणतं आता गेम नेटवरनं उतरवा. पहिल्यांदा नेट लागतंच. एकदा उतरला की पुढं नेट नसलं तरी चालतं, पण खेळताना कार्ड आत पाहिजे.

ओळखायचं कसं, तर डब्याच्या पुढच्या बाजूला खाली एक पट्टा असतो, त्यावर किल्लीचं चित्र आणि गेम-की कार्ड असं लिहिलेलं असतं. स्ट्रीट फायटर ६ तसला आहे. उलट सायबरपंक २०७७ पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर आलाय, पट्टा नाही. तेव्हा सरसकट सगळे तसेच असं नाही, डबा बघून घ्या.

आता तुमचा हिशोब. समजा गेम ६० जीबीचा निघाला. दिवसाचा सगळाच्या सगळा दीड जीबी त्यालाच दिला तरी ४० दिवस.

राधानगरी_रोड

४० दिवस! पोरगं तोपर्यंत दहावीला जाईल. बरं झालं विचारलं. मग कोल्हापुरात बहिणीकडं मशीन आणून उतरवून परत नेला तर?

कळंबा_गेमर

चालतंय की, उत्तम मार्ग आहे. ४० एमबीपीएसची लाइन असली तर ६० जीबीला साधारण साडेतीन तास धरा, जेवण करून निघायचं. फक्त आधी जागा बघा, मशीनमध्ये २५६ जीबी असते आणि वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, जुनं साधं कार्ड त्यात गेम ठेवायला चालत नाही.

की कार्ड आणि कोडचा डबा यात गल्लत करू नका एवढंच. की कार्ड विकता येतं, दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालता येतं. कोड एका खात्याला चिकटला की संपलं.

उद्यमनगर_लेथ

मला एक कळत नाही, कोडला एवढं वाईट का म्हणता? माझ्या दोन पोरांनी मिळून पाच डिस्क मोडल्यात. एक तर कुत्र्यानं चावली. खात्यात असलेला गेम हरवत नाही, तुटत नाही, डिस्क बदलायला उठायला लागत नाही. मला कोडच बरा वाटतो.

मिरजकर_तिकटी

दादा, मग डबा कशाला घेता, सरळ स्टोअरमधनं घ्या ना. कोडच्या डब्यात जे मिळतं ते तंतोतंत तेच असतं. म्हणून दुकानात उभं राहून आधी फोनवर भारताच्या स्टोअरची किंमत बघायची. पंचगंगा_काठ, तुमचा गेम तिथं केवढ्याला आहे बघितलंत?

पंचगंगा_काठ

आत्ता बघितलं. सेल चालू आहे, १५९९. म्हणजे बाराशे रुपये जास्त दिले मी, आणि वर हा मनस्ताप.

उद्यमनगर_लेथ

हां, हे मात्र पटलं. डब्याचे बाराशे नाही देणार मी.

राजारामपुरी_९वी_गल्ली

कळंबा_गेमर, एक विचारतो. PEGI वाला डबा असेल, म्हणजे युरोपचा, तर तो कोड भारताच्या खात्यावर चालतो का? एक मित्र म्हणतो नक्की चालतो, त्याचा चाललाय.

कळंबा_गेमर

त्याचा चालला असेल, माझ्या हातनं एक चाललाय आणि एक नाही. डब्यावर किंवा कागदावर कुठल्या देशांच्या खात्यांसाठी आहे ते बारीक लिहिलेलं असलं तर तेच धरायचं. PEGI दिसला की चालेल असं मी कुणाला सांगणार नाही.

मिरजकर_तिकटी

माझे दोन्ही चालले होते. पण ते तीन वर्षांपूर्वीचे.

आजीबाई_शाहूपुरी

ते अक्षर, ते आकडे, तो पट्टा, आम्ही म्हाताऱ्यांनी सगळं कधी वाचायचं? मला एक वाक्य सांगा, दुकानदाराला काय विचारू?

कळंबा_गेमर

आजी, असं विचारा: "यात डिस्क आहे का, आणि नसली तर हा कोड भारताच्या खात्यावर चालतो का, ते बिलावर लिहून द्या." जो लिहून देतो त्याच्याकडनं घ्या. लिहायला काचकूच करायला लागला की डबा परत फळीवर ठेवा. आणि घरी आल्यावर पट्टी खरवडायच्या आधी नातवाला मोबाइलवर शूटिंग करायला सांगा, सील फोडण्यापासून कोड टाकेपर्यंत एका दमात.

आजीबाई_शाहूपुरी

हे जमेल. वहीत लिहून घेतलं.

पंचगंगा_काठ

मंडळी, दोन दिवसांनी लिहितोय. काल रात्री बहिणीकडं गेलो. वकील_नाही_पण यांचं म्हणणं मला डाचत होतं, म्हणून भाच्याला आधी नीट सांगितलं की आपण हे का करतोय आणि यात काय खोट आहे. मग माझ्या नावानं नवा युजर, अमेरिकेचं खातं, कोड टाकला आणि एका झटक्यात गेमचं चित्र आलं! म्हणजे कोड वापरलेला नव्हता, दुकानदारावर मी उगीच तो आळ घेत होतो. ते Console Sharing चालू केलं, ७० जीबी होता, रात्रभर लावून ठेवला. सकाळी भाच्याचा फोन, मामा माझ्याच नावानं चालतोय. खात्याचा पासवर्ड बहिणीच्या किराण्याच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय.

आज दुकानात गेलो. भांडलो नाही. त्याच्या फळीवरचे तसलेच डबे काढून दोघांनी मिळून बघितले, अकरा डबे होते. त्यातले चार ESRB वाले कोडचे निघाले, स्टिकर एकावरही नाही. कोड अमेरिकेचे आहेत हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, मुंबईच्या एका होलसेलवाल्याकडनं लॉटमध्ये घेतलेले. पाचशे रुपये परत दिले त्यानं आणि ते चार डबे बाजूला ठेवले.

वकील_नाही_पण

पाचशेवर सोडलंत? बाजूला ठेवले म्हणजे विकणं बंद केलं का फक्त तुमच्यासमोर ठेवले?

पंचगंगा_काठ

ते मी पण विचारलं. होलसेलवाल्याला परत पाठवतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला जाणं आहे, फळी बघून येतो आणि इथं लिहितो.

राधानगरी_रोड

जाताय तर स्विच २ चे पण डबे बघून या की, पट्टा नसलेला एखादा दिसला तर फोटो टाका. रविवारी येतो मी कोल्हापूरला.